आठला आला, पण कसा?

चिनी भाषेत क्रियापदाला काळ नाही. 'लाय' म्हणजे येणे. काल आला तरी लाय, उद्या येणार असला तरी लाय. मी, तू, ती, जावईबापू, कोणीही येवो, लाय जागचं हलत नाही. लिंग नाही, वचन नाही, आदरार्थी बहुवचन नाही. आला-आली-आलं-आले-आल्या करण्यात अर्धं शालेय आयुष्य घालवलेल्या मराठी माणसाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा गहिवरून येतं. आमच्या वर्गात नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते तर म्हणाले, "मग यात शिकायचं काय?"

काकांना उत्तर मिळालं ते ज्यौ आणि त्साय या दोन शब्दांच्या धड्याला.

वर्ग नाशिकच्या कॉलेज रोडवर भरतो, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर. काका येतात ते वेळ जात नाही म्हणून. एक शेठ येतात. ते यिवूच्या घाऊक बाजारातून दिव्यांच्या माळा आणि खेळणी मागवतात, आणि दुभाष्या आपल्याला फसवतो असा त्यांचा पक्का संशय आहे. दोन मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला जाण्याच्या तयारीत आहेत. मी कशाला जातो हे घरच्यांनाही अजून समजलेलं नाही. शिकवणाऱ्या बाई पक्क्या पंचवटीच्या, पण बरीच वर्षं चीनमध्ये संसार करून परतलेल्या. त्यामुळे त्या चिनीत रागावतात आणि मराठीत समजूत घालतात.

बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली.

ता बा द्येन ज्यौ लाय ल.
ता बा द्येन त्साय लाय.

ता म्हणजे तो. बा द्येन म्हणजे आठ वाजता. लाय आपलं ओळखीचं. दोन्ही वाक्यांत माणूस तोच, घड्याळ तेच, आठही तेच. पण पहिल्या वाक्यातला माणूस लवकर आलाय, 'आठलाच हजर!', आणि दुसऱ्यातला उशिरा, 'आठ वाजता कुठे स्वारी उगवली'. ज्यौ म्हणजे लवकर असं नाही आणि त्साय म्हणजे उशिरा असंही नाही. त्या दोन अर्थांचे वेगळे सरळ शब्द चिनीत आहेतच. बोलणाऱ्याने मनात जी वेळ धरली होती तिच्या आधी झालं की ज्यौ, नंतर झालं की त्साय. मनात धरलेली ती वेळ वाक्यात कुठेही सांगायची नसते. ती ऐकणाऱ्याने ओळखायची आणि ओशाळायचं.

उच्चार ऐकण्यासारखे आहेत. ज्यौ वरून खाली आपटतो, निकाल दिल्यासारखा. त्साय खालून वर चढतो. त्सायसाठी चाक-चमच्यातला च घ्यायचा आणि त्यात थोडा श्वास सोडायचा. हा च मराठी माणसाच्या तोंडात जन्मापासून असल्यामुळे इथे आपल्याला फुकटचे गुण मिळतात. लिहिण्याचा प्रकार मात्र उफराटा. लवकर आलेल्याचा ज्यौ 12 रेघांचा आणि उशिरा आलेल्याचा त्साय फक्त 3 रेघांचा. काका म्हणाले, "बरोबरच आहे. उशीर झालेल्याला लिहीत बसायला वेळ कुठे असतो?" बाई म्हणाल्या की जुन्या लिपीत याच त्सायचं 23 रेघांचं अक्षर होतं, म्हणजे तेव्हा उशिराबद्दल लिहितानाही उशीर व्हायचा.

आता त्या दोन वाक्यांकडे पुन्हा बघा. पहिल्याच्या शेवटी 'ल' आहे, दुसऱ्याच्या शेवटी नाही. हा ल म्हणजे 'झालं बरं का' असं सांगणारा शेपटीचा शब्द. वर्गातल्या एकजात सगळ्यांनी वहीत दुसऱ्या वाक्यालाही तो लावला, कारण आपल्या हिशेबी माणूस दोन्हीकडे आला आहेच. बाईंनी लाल पेन फिरवलं. ज्यौच्या वाक्यात खरी बातमी 'तो आला' ही असते. तुम्हाला वाटलं नव्हतं, पण काम उरकलंसुद्धा. म्हणून तिथे ल शोभतो. त्सायच्या वाक्यात तो आला हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, दाराशी डोळे लावून बसलेलेच असतात सगळे. तिथे बातमी असते ती केव्हा आला याची. मग 'झालं बरं का' कोणाला सांगायचं? उशिरा येणाऱ्याला चिनी व्याकरण ल सुद्धा देत नाही. नवशिक्या ओळखायचा असेल तर हीच खूण: आठ, त्साय, लाय, आणि शेवटी सवयीने चिकटलेला ल.

दुसरी खूण जागेची. हे दोन शब्द क्रियापदाला खेटून उभे राहतात. वेळ आधी, मग ज्यौ किंवा त्साय, मग क्रिया. शेठजींनी हौसेने 'ज्यौ ता बा द्येन लाय' असं वाक्य केलं. बाई म्हणाल्या, "शेठ, हा ज्यौ आठच्याही आधी येऊन रांगेत उभा राहिला. इतकं लवकर नको."

मनातल्या वेळेचा हा मामला नीट बघायचा तर आपल्या घरातली सकाळ घ्यावी. घरोघरी एक आजोबा असतात, जे चारला उठून गोदाकाठ पालथा घालून येतात, आणि एक नातू असतो, जो सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत पांघरुणाबाहेर पाय काढत नाही. समजा, एका रविवारी नातू आठला उठला. आजोबा म्हणणार, ता बा द्येन त्साय छीछ्वांग. छीछ्वांग म्हणजे उठणे. आई कौतुकाने म्हणणार, ता बा द्येन ज्यौ छीछ्वांग ल. आठलाच उठला गं बाई माझा! साक्षीदार दोन, घटना एक, घड्याळावर दोघांचंही एकमत, आणि तरी जबान्या एकमेकींच्या विरुद्ध. यात खोटं कोणीच बोललेलं नाही. चिनी न्यायाधीशाला अशा घरात फार जपून बसावं लागत असेल.

आजोबांनी पुढे जाऊन नातवाला 'लान', म्हणजे आळशी, म्हटलं, तर नातवालाही त्सायचाच आधार आहे. 'नी त्साय लान न!' म्हणजे 'आळशी असाल तर तुम्हीच, मी नाही.' इथे त्सायला वेळेशी काही देणंघेणं नाही, तो आरोप उचलून समोरच्याच्या पदरात टाकतो. चिनी पोरं भांडताना हे वाक्य सर्रास वापरतात. आजोबांशी असं बोलावं का, हा व्याकरणाचा प्रश्न नाही.

मराठी माणसाला हे सगळं अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे च आहे आणि कुठे आहे. 'आठलाच आला' हा च म्हणजे ज्यौ. 'आठ वाजता कुठे आला' यातला कुठे म्हणजे त्साय. हा कुठे जागा विचारत नाही, माणसाचा उद्धार करतो. 'दहा वेळा फोन केला तेव्हा कुठे उचलला', 'तीनला कुठे ताट समोर आलं', लग्नाला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा.

पण खरी गंमत पुढे आहे. त्साय वेळेच्या मागे असतो तोवर उशीर दाखवतो. तोच उचलून वेळेच्या पुढे ठेवला की अर्थ कोलांटी मारतो. 'बा द्येन त्साय लाय' म्हणजे आठ वाजेपर्यंत पत्ता नव्हता. आणि 'श्येनजाय त्साय बा द्येन' म्हणजे आत्ता कुठे आठ वाजतायत, बसा हो, अजून खूप वेळ आहे! पहिल्यात आठ म्हणजे फार झाले, दुसऱ्यात आठ म्हणजे काहीच नाहीत. परदेशी विद्यार्थी इथे डोकं धरून बसतात म्हणे. आमच्या वर्गात कोणाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, कारण आपला कुठेही हेच करतो. 'आठ वाजता कुठे आला' ही तक्रार, आणि 'आत्ता कुठे आठ वाजलेत' हा पाहुण्याला अजून एक चहा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच शब्दाकडून हे दुहेरी काम करून घेतलं आहे.

चचंही तसंच. ज्यौ आकड्याच्या पुढे जोर देऊन म्हटला की 'फक्त' होतो. 'तीनच घेतली' यातल्या चसारखा.

एवढ्यावर वर्गातल्या मुलांनी जाहीर केलं, की ज्यौ दिसला की च लावायचा आणि परीक्षा मारायची. बाईंनी लगेच त्यांना सरकारी खिडकीसमोर उभं केलं. खिडकीतला एक माणूस सांगतो, 'आधार कार्ड दाखवलं की झालं'. दुसरा सांगतो, 'आधार कार्ड असेल तरच'. पहिल्याला चिनीत 'ज्र-याव' अमुक, 'ज्यौ' तमुक म्हणतात. एवढं केलंत की पुरे, काम झालंच. दुसऱ्याला 'ज्र-यौ' अमुक, 'त्साय' तमुक. हे नसेल तर पुढचं बोलूच नका. असलं तरी काम होईल असं मी म्हटलेलं नाही. पहिल्या खिडकीवरून माणूस कागद घेऊन घरी जातो. दुसऱ्या खिडकीवरून तो पुढच्या खिडकीवर जातो. आता बघा, 'तरच'मध्ये आपला च आहे, पण तो त्सायच्या पंगतीला बसलाय. 'आठलाच आला' यातला च ज्यौचा, 'असेल तरच' यातला त्सायचा, आणि 'तो रोज आठलाच येतो' यातला तर धड कोणाचाच नाही. तो बरोब्बर आठला, ना आधी ना नंतर. चच्या भरवशावर चिनी बोलायला गेलेल्याचं अर्ध्या वेळा बरोबर येतं, आणि उरलेल्या वेळा माल येत नाही, हे शेठजींनी अनुभवाने सांगितलं.

म्हणून बाई च बघू नका म्हणतात. बोलण्याआधी स्वतःला विचारायचं, माझ्या मते हे केव्हा व्हायला हवं होतं? त्याच्या अलीकडे झालं की ज्यौ, पलीकडे झालं की त्साय. किती वेळ लागला, किती खेपा घातल्या, किती पैसे गेले, सगळीकडे हाच हिशेब. कमीत भागलं तर ज्यौ, जास्त मोजावं लागलं तर त्साय.

याचा उत्तम धडा नाशिक-मुंबई रस्त्यावर मिळतो. चार तासांत पोहोचणे हे वाक्य घ्या. 'स ग श्यावश्र' म्हणजे चार तास आणि 'दाव' म्हणजे पोहोचणे. कसारा घाट, मग पडघा, मग भिवंडीच्या गोदामांचे ट्रक, हे सगळं ओलांडून कोणी चार तासांत मुंबई गाठली, की नाशिककर फोनवर ओरडायचा, "चार तासांतच!" स ग श्यावश्र ज्यौ दाव ल. मग 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. घाटाऐवजी बोगदा आला. त्या दिवशी चार तासांचे काही पावणेचार झाले नाहीत, तास तेवढेच राहिले, पण माणसांची अपेक्षा सरकली. आता तोच चार तास लागलेला माणूस गाडीतून उतरतो तेव्हा त्याचं तोंड लांब झालेलं असतं. स ग श्यावश्र त्साय दाव. 'चार तासांनी कुठे पोचलो, आमण्यानंतर जाम होता.' एका फितीमुळे ज्यौचा त्साय झाला, आणि सोबतचा ल टोलनाक्यावरच गळून पडला.

समृद्धीपर्यंत तरी कशाला जायचं? घरचा नळ गळायला लागला की हा धडा घरबसल्या मिळतो. नळवाल्याला फोन लावावा. तो म्हणतो, "आलोच साहेब." चिनीत याला शब्दाला शब्द आहे: वो ज्यौ लाय. वो म्हणजे मी. इथला ज्यौ पुढच्या क्षणाचा आहे, हे काय निघालोच. आपल्याकडे तर त्याच्यावर कडी आहे. नळवाला अजून सातपूरला चहा पितोय आणि क्रियापद भूतकाळात आहे: आलो! पण चिनी मंडळीही कमी नाहीत. दारावर थाप पडली की आतून 'लाय ल, लाय ल' म्हणतात, म्हणजे 'आलो आलो', आणि पाय अजून चपलेत गेलेला नसतो. फारच घाई दाखवायची असेल तर म्हणायचं 'माशांग ज्यौ लाय'. माशांगचा अक्षरशः अर्थ घोड्यावर. आपल्याकडे उतावळ्या माणसाला 'घोड्यावर बसून आलास का' विचारतात. चीनमध्ये घोड्यावर बसलेला माणूस यायचाच असतो, आलेला नसतो. आमचा नळवाला या दोन्ही देशांचा नागरिक आहे.

तासाभराने पुन्हा फोन. "द्वारकाला आहे साहेब, पाच मिनिटांत आलोच." परगावच्या वाचकांसाठी सांगतो, ही द्वारका म्हणजे कृष्णाची नव्हे. हा हायवेवरचा आमचा चौक. तिथे माणूस अडकला असं म्हटलं की नाशकात पुढची चौकशी होत नाही. नाशिक रोडला जाणाराही द्वारकाला असतो, पंचवटीतून येणाराही द्वारकाला असतो, आणि जो घरीच लोळतोय तो तर हमखास द्वारकाला असतो.

तिसऱ्या दिवशी नळवाला दारात उभा राहतो. आता घरच्या मालकिणीचं वाक्य: ता सान थ्येन हौ त्साय लाय. तीन दिवसांनी कुठे उगवला. व्याकरणाच्या दृष्टीने हा सुंदर प्रसंग आहे, कारण एकाच येण्याबद्दल येणाऱ्याचा शब्द ज्यौ होता आणि वाट बघणाऱ्याचा त्साय. दारातच त्याला विचारायचा प्रश्नही चिनीत तयार आहे: 'नी जन्म त्साय लाय?' जन्ममधला ज जरामधल्या जसारखा म्हणायचा. अर्थ, 'इतक्या उशिरा कसा आलास?' चिनीत त्या जन्मचा अर्थ नुसता 'कसा' एवढाच आहे, पण आमच्या मालकिणीने त्यात आपला सगळा जन्म ओतून विचारला असता. नळवाल्याचं उत्तर ठरलेलं, "अहो ताई, आत्ता कुठे हातातलं काम संपलं." पुन्हा कुठे, पुन्हा त्साय, पण या वेळी बाजू त्याची. नुकतंच, आत्ताच, श्वास घ्यायलाही फुरसत नाही. त्सायचा हाही एक अर्थ आहे. उशिरा आलेला माणूस नुकताच आलेलाही असतो, आणि यातलं कोणतं खरं ते नळ कोण दुरुस्त करतोय यावर ठरतं.

मोठ्या मापाचा दाखला हवा असेल तर सिंहस्थ. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळा. मागचा 2015 साली झाला. भाविकाला विचारा, तो हात जोडून म्हणेल, बारा वर्षांनी कुठे हा योग येतो! शुद्ध त्साय. शहराच्या कामांकडे बघणाऱ्या माणसाला विचारा. खड्डे, पूल, घाट, गटारी, निविदा यांत बुडालेला तो कपाळावर हात मारेल, "बारा वर्षं झालीसुद्धा? इतक्यात आला पण कुंभ?" हा ज्यौ, ल सकट. खगोलाचं म्हणाल तर गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षांना थोडीशी कमीच लागतात. म्हणजे आकाशातही गुरूचं मत ज्यौच्या बाजूने आहे, आणि कंत्राटदाराने त्यावर आक्षेप घेऊन उपयोग नाही.

वर्गाची वेळ सातची. काका साडेसहाला येऊन जिन्यात बसतात. त्यांच्यावरची ज्यौची वाक्यं आम्ही रोज करतो. शेठजी नियमाने साडेसातला येतात, 'द्वारकाला अडकलो' म्हणत, आणि त्यांचं दुकान वर्गापासून दोन गल्ल्या सोडून आहे. परवा बाईंनी ठरवलं, की या माणसाला आता धड्यातूनच शिक्षा करायची. शेठ दारात दिसताच त्यांनी खडू खाली ठेवला आणि खास चिनी रागात विचारलं, "नी जन्म त्साय लाय?" वर्ग चिडीचूप. शेठजींनी चप्पल काढली, भिंतीवरच्या घड्याळाकडे शांतपणे पाहिलं आणि त्साय उचलून वेळेच्या पुढे ठेवला.

"त्साय छी द्येन बान."

आत्ता कुठे साडेसात वाजलेत. स्वर बरोबर, जागा बरोबर, शेवटी आगाऊ ल नाही. बाईंनी खूप वेळ चूक शोधली. मग फळ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बसा."